गार्गी-मैत्रेयींना रजा द्या

महाविद्यालयातले निबंध, प्रकल्प आणि स्पर्धांचे लेख तपासणाऱ्या कुणालाही काही वाक्ये तोंडपाठ असतात. भारत हा कृषिप्रधान देश आहे. मानव हा समाजशील प्राणी आहे. आजच्या विज्ञानयुगात. अनादी काळापासून. विषय पाणीटंचाई असो, ग्रामपंचायत असो की मोबाइल, गाडी आधी अश्मयुगातून निघते आणि चारपाच ओळींत हजारो वर्षे ओलांडून विषयाच्या दारात येते. अशा सुरुवातीला आपण ‘पाल्हाळ’ म्हणतो आणि लाल शाईने एक आडवी रेघ मारून मोकळे होतो. हा शेरा मला पुरेसा वाटत नाही. पाल्हाळात नुसते शब्द वाया जातात. सगळ्या इतिहासाबद्दल ठोकून दिलेल्या विधानात बहुतेकदा एक अख्खी भूमिका दडलेली असते. लिहिणाऱ्याने ती तपासलेली नसते, आणि पुष्कळदा त्याच्याच निबंधातला पुढचा मजकूर तिच्या विरोधात साक्ष देत असतो. म्हणून अशी प्रस्तावना छाटून भागत नाही. ती नव्याने लिहावी लागते, आणि नव्याने लिहिण्यासाठी आधी आपला निबंध नेमका कशाबद्दल आहे हे शोधून काढावे लागते.

हे एका उदाहरणावरून पाहू. विषय संमतिवयाचा कायदा, १८९१. इतिहासाच्या विद्यार्थ्यांचा हा आवडता विषय, कारण त्यात टिळक आहेत, सुधारक आहेत, भांडण आहे. खालची प्रस्तावना कुणा एकाची नाही. या विषयावरच्या निबंधांत जे पुन्हा पुन्हा भेटते त्यातून मीच ती जुळवली आहे.

‘मानवी संस्कृतीच्या उदयापासून स्त्री ही समाजाचा अविभाज्य घटक राहिली आहे. प्राचीन काळी गार्गी, मैत्रेयी यांसारख्या विदुषींना समाजात मानाचे स्थान होते. मध्ययुगात मात्र परकीय आक्रमणांमुळे स्त्रीचे स्थान खालावले व ती चूल आणि मूल यांतच अडकून पडली. अशा अंधाऱ्या काळात इंग्रजी शिक्षणामुळे समाजसुधारणेचे वारे वाहू लागले. स्त्रियांच्या उद्धारासाठी जे अनेक कायदे झाले त्यांत १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याला अनन्यसाधारण महत्त्व आहे. प्रस्तुत निबंधात या कायद्याचा आढावा घेण्याचा प्रयत्न केला आहे.’

व्याकरण ठीक, भाषा स्वच्छ. शाळेत याला पूर्ण गुण मिळाले असते. पण एकेक वाक्य हातात घेऊन पाहावे.

पहिले वाक्य कुणालाही नाकारता येणार नाही, आणि तोच त्याचा दोष आहे. स्त्रियांशिवाय समाज नसतो हे सांगायला निबंध लिहावा लागत नाही. दुसऱ्या वाक्यात दोन नावे आहेत. दोघी बृहदारण्यक उपनिषदात भेटतात, दोघींचा संवाद याज्ञवल्क्यांशी आहे. एक सभेत प्रश्न विचारते, दुसरी घरात. या दोन स्त्रियांवरून ‘प्राचीन काळी’ म्हणजे शेकडो वर्षांच्या काळातल्या सगळ्या स्त्रियांबद्दल निष्कर्ष निघतो. शेतावर राबणारी, दासी म्हणून दिली-घेतली जाणारी बाई त्या निष्कर्षात कुठे बसते? तिसऱ्या वाक्यात ऱ्हासाचे एक कारण दिले आहे आणि पुरावा एकही नाही. पुढच्या बारापंधरा पानांत त्या कारणाचा पुन्हा उल्लेखही येत नाही. इतका मोठा आरोप करून लेखक जो निघून जातो तो परत येतच नाही.

खरी अडचण चौथ्या वाक्यात आहे, पण तिच्याकडे जाण्याआधी ही तीन पायऱ्यांची शिडी आली कुठून ते बघायला हवे. आधी उन्नती, मग अवनती, मग इंग्रजांमुळे जाग: विद्यार्थ्याला हे ‘सर्वांना माहीत असलेले’ वाटते. प्रत्यक्षात याला लेखक आहेत, सनावळी आहे. जेम्स मिलने १८१७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ब्रिटिश भारताच्या इतिहासात हिंदू, मुसलमान आणि ब्रिटिश असे तीन कालखंड पाडले. तो भारतात कधी आला नव्हता. एखादा समाज किती सुधारला आहे हे त्यातल्या स्त्रियांच्या स्थितीवरून मोजावे, असे त्याचे माप होते, आणि त्या मापाने त्याने हिंदू समाजाला खालचा दर्जा दिला. पुढे राष्ट्रीय वृत्तीच्या अभ्यासकांनी हे माप टाकून दिले नाही, फक्त उत्तर उलटे लिहिले. अनंत सदाशिव अळतेकरांचा हिंदू संस्कृतीतील स्त्रियांच्या स्थानावरचा प्रसिद्ध ग्रंथ १९३८ चा. वेदकाळात स्त्रीचे स्थान वरचे होते आणि नंतर ते उतरत गेले, अशी त्याची मांडणी. शालेय पुस्तकांतून आणि निबंधांच्या गाइडांतून आपल्यापर्यंत जे झिरपले आहे ते बहुतांशी या मांडणीचे पातळ रूप आहे. उमा चक्रवर्तींनी १९८९ मध्ये एका गाजलेल्या लेखात साधा प्रश्न विचारला, की या वैदिक वैभवाच्या चित्रातून वैदिक दासी कुठे गेली? तेव्हापासून या विषयाच्या अभ्यासकांना ती शिडी बिनप्रश्न वापरता येत नाही.

आपल्या विद्यार्थ्याला यातले काहीच म्हणायचे नसते. त्याला सुरुवात करायची असते. पण पहिल्या तीन वाक्यांत त्याने मिल आणि अळतेकरांच्या वादात उडी घेतलेली असते, आणि कुणाच्या बाजूने याची त्यालाच कल्पना नसते.

आता चौथे वाक्य. ‘इंग्रजी शिक्षणामुळे समाजसुधारणेचे वारे’ म्हणजे काळोख इथला आणि उजेड तिकडचा. याच निबंधात चौथ्यापाचव्या पानावर रखमाबाईंचा खटला येतो, कारण तो टाळून या विषयावर लिहिताच येत नाही. तो खटला काय होता? रखमाबाईंचे लग्न अकराव्या वर्षी दादाजी भिकाजींशी झाले. त्या सासरी गेल्याच नाहीत. आई आणि सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन यांच्या घरी वाढल्या, शिकल्या. १८८४ मध्ये दादाजींनी मुंबई उच्च न्यायालयात दावा लावला, की बायकोला नांदायला पाठवा. सप्टेंबर १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्ही यांनी दावा फेटाळला. त्यांचे एक म्हणणे आपल्या मुद्द्यासाठी फार मोलाचे आहे: बायकोला न्यायालयाच्या हुकुमाने नांदायला लावण्याचा हा दावा मुळात इंग्लंडातून इकडे आणलेला आहे, हिंदू कायद्यात त्याला आधार नाही. इंग्लंडातल्या चर्चच्या न्यायालयांतून आलेली ही तरतूद. पुढे अपील झाले, खटला पुन्हा चालवण्याचा आदेश निघाला, आणि ४ मार्च १८८७ रोजी न्यायमूर्ती फॅरन यांनी रखमाबाईंना सांगितले की नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात. त्या म्हणाल्या, तुरुंगात जाईन. इंग्लंडने स्वतःच्या देशात अशा हुकुमासाठी कैदेची शिक्षा १८८४ सालीच काढून टाकली होती. हिंदुस्थानच्या दिवाणी प्रक्रिया संहितेत ती तशीच राहिली होती.

म्हणजे रखमाबाईंना ज्या दाराने तुरुंगात ढकलले जात होते ते दार इंग्रजी कायद्याने उघडलेले होते. याचा अर्थ सनातन्यांचा त्यात हात नव्हता असे नाही. दादाजींच्या बाजूने उभे राहिलेले पुष्कळ होते. पण ‘अंधारात इंग्रजी उजेड’ हे वाक्य या खटल्यापुढे टिकत नाही. निबंधाच्या पाचव्या पानाने पहिल्या पानाला खोटे पाडले आहे, आणि दोन्ही पाने लिहिणाऱ्याला ते दिसलेले नाही. दिसत नाही याचे कारण साधे आहे. पहिला परिच्छेद पहिल्यांदा लिहिलेला असतो. तेव्हा त्याला खटल्याचे तपशील माहीत नव्हते. पुढे वाचन झाले, माहिती आली, मजकूर वाढला, पण मागे जाऊन प्रस्तावना कुणी वाचली नाही. ती दारावरच्या जुन्या पाटीसारखी तशीच राहिली. आत माणसे बदलली तरी नाव पहिल्या भाडेकरूचेच.

अजून एक गोष्ट आहे आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची तीच. १८९१ च्या वादात ‘प्राचीन काळापासून’ हा खुद्द वादातलाच एक पक्ष होता. विधेयकावरचा मोठा आक्षेप असा होता, की मुलगी प्रथम ऋतुमती झाल्यावर गर्भाधान संस्कार व्हायलाच हवा; ती विधेयकातल्या बारा वर्षांच्या मर्यादेआतही ऋतुमती होऊ शकते; तेव्हा कायदा धर्माच्या आड येतो. रा. गो. भांडारकरांनी शास्त्रग्रंथ उलगडून दाखवले, की धर्म असा काही आग्रह धरत नाही आणि उशिरा लग्नालाही आधार आहे. टिळकांनी त्यांच्या वाचनाला विरोध केला. परक्या सरकारने यात हात घालू नये हा त्यांचा मुख्य मुद्दा होताच. म्हणजे प्राचीन काळी काय होते, यावरच ही मंडळी भांडत होती. अशा वादाचा इतिहास लिहिताना पहिल्याच ओळीत ‘प्राचीन काळी स्त्रीला मानाचे स्थान होते’ असे लिहिणे म्हणजे न्यायाधीशाने खुर्चीवर बसण्याआधी एका बाजूचे कैफियतपत्र निकाल म्हणून वाचून दाखवण्यासारखे आहे. जी गोष्ट तपासायची तीच गृहीत धरली गेली.

पाचवे आणि सहावे वाक्य पटकन उरकू. ‘अनन्यसाधारण महत्त्व’ कशामुळे ते सांगितलेले नाही. ‘आढावा घेण्याचा प्रयत्न’ यात वाचकाला कोणतेच वचन नाही, त्यामुळे ते मोडण्याची भीतीही नाही. आढावा कधीच चुकत नाही. तेच त्याचे आकर्षण.

आता दुरुस्ती. नवे पहिले वाक्य सुचवून दुरुस्ती होत नाही. आधी प्रस्तावना झाकून ठेवावी आणि उरलेला निबंध वाचावा. वाचताना प्रत्येक पानावर ज्या शब्दाभोवती मजकूर फिरतो तो शब्द समासात लिहावा. आपल्या नमुन्यात काय हाती लागते? खटला, नांदणे, तुरुंग, वय, दहा, बारा, फुलमणी, गर्भाधान, सरकार, संमती. गार्गी एकदाही नाही, आक्रमण नाही, चूल नाही. प्रस्तावनेतले जे शब्द पुढे एकदाही परत येत नाहीत त्यांना तिथे राहण्याचा हक्क नाही, ही कसोटी मला सगळ्यात भरवशाची वाटते. दुसरी कसोटी त्याहून सोपी: शीर्षक झाकून प्रस्तावना शेजारच्याला वाचायला द्यावी आणि निबंध कशावर आहे ते विचारावे. वरच्या प्रस्तावनेची पहिली चार वाक्ये सतीबंदीवर चालतील, विधवाविवाहावर चालतील, महिला आरक्षणावरही चालतील. कुठेही चालते म्हणजे इथे कामाचे नाही.

मग निबंधात अशी जागा शोधावी जिथे लिहिणाराच जरा गोंधळलेला आहे. ती बहुधा मधल्या पानांत, एखाद्या ‘मात्र’ किंवा ‘तथापि’च्या मागे असते. आपल्या नमुन्यात ती आहे. रखमाबाईंचा खटला सांगून झाल्यावर लेखक लिहितो, की या खटल्याने समाज ढवळून निघाला आणि त्यातूनच पुढे संमतिवयाचा कायदा झाला. वाक्य सरळ दिसते, पण त्यातली ‘त्यातूनच’ची उडी बघा. दावा लागला तेव्हा रखमाबाई वीस वर्षांच्या होत्या. १८९१ च्या कायद्याने दंडसंहितेतील वयाची मर्यादा दहावरून बारावर नेली. त्या वयाखालच्या मुलीशी, मग ती पत्नी का असेना, शरीरसंबंध हा गुन्हा ठरला. वीस वर्षांच्या बाईला या कायद्याचा काडीचा उपयोग नव्हता. तो दहा वर्षे आधी झाला असता तरी फॅरनसाहेबांचा निकाल तसाच लागला असता, कारण तो खटला दिवाणी होता आणि प्रश्न वयाचा नव्हता. प्रश्न असा होता, की लहानपणी लावून दिलेले लग्न मोठेपणी बाईला नको असेल तर तिच्या नकाराला काही किंमत आहे का. आणि कायदा झाला तो भलत्याच गोष्टीबद्दल.

मध्ये काय घडले? कलकत्त्याचा फुलमणी दासीचा खटला. दहा-अकरा वर्षांची ही मुलगी नवऱ्याने केलेल्या संभोगात जखमी होऊन मरण पावली. तिचे वय दहाच्या वर असल्यामुळे तेव्हाच्या कायद्याने तो बलात्कार ठरत नव्हता, आणि नवरा हरिमोहन मैती याला १८९० मध्ये त्याहून हलक्या गुन्ह्याखाली एक वर्षाची शिक्षा झाली. इथे कायद्यातली फट एका आकड्याची होती. आकडा बदलला की फट बुजते. सरकारला असा प्रश्न झेपतो. बेहरामजी मलबारी १८८४ पासून बालविवाहाविरुद्ध लिहीत-बोलत होते, आणि त्या चळवळीला आता हातात धरता येईल असा मुद्दा मिळाला. जानेवारी १८९१ मध्ये विधेयक आले आणि मार्चमध्ये ते मंजूर झाले. बाईच्या इच्छेचा प्रश्न मात्र आकड्याने सुटणारा नव्हता. तो बाजूला राहिला.

हा निबंधाचा प्रश्न. तो पाचव्या पानावर, एका क्रियाविशेषणाच्या मागे लपून बसला होता. आता प्रस्तावना लिहिता येईल, पण इथेही दोन खड्डे आहेत, आणि हुशार विद्यार्थी नेमके त्यांतच पडतात.

पहिला खड्डा प्रसंगाचा. ‘मोठी विधाने नकोत’ एवढेच सांगितले की दुसऱ्या खर्ड्यात असे काही येते: ‘मुंबईतली ती सकाळ उकाड्याची होती. न्यायालयाच्या दगडी पायऱ्या चढताना रखमाबाईंचे पाऊल क्षणभर अडखळले. डोळ्यांत पाणी होते, पण चेहऱ्यावर निर्धार.’ वाचायला बरे वाटते. पण पाऊल अडखळलेले कुणी पाहिले? डोळ्यांतले पाणी कोणत्या कागदात आहे? सगळ्या मानवजातीबद्दल बिनपुराव्याचे बोलणे आणि एका बाईच्या डोळ्यांबद्दल बिनपुराव्याचे बोलणे, दोष तोच. आकार लहान झाला, एवढेच. शिवाय अशी सुरुवात तिसऱ्या-चौथ्या ओळीला दमते आणि ‘स्त्रीवरील अन्यायाची ही परंपरा फार जुनी आहे’ म्हणत पुन्हा अनादी काळात शिरते. ऐतिहासिक चित्रपटांनी आणि कादंबऱ्यांनी ही खोड आपल्याला लावली आहे. कादंबरीकाराला ती शोभते, निबंधकाराला नाही.

दुसरा खड्डा अर्ध्यावर थांबण्याचा. ‘एकोणिसाव्या शतकातील महाराष्ट्रात स्त्रियांचे अनेक प्रश्न होते.’ काळ लहान केला, प्रदेश लहान केला, तरी वाक्य निकामीच राहिले. कारण रोख वर्षे कमी केल्याने येत नाही. कशाबद्दल मतभेद होऊ शकतो ते सांगितले की तो येतो. ‘अनेक प्रश्न होते’ याला कोण नाही म्हणेल?

या दोन्ही बाजू सांभाळून तीच प्रस्तावना अशी लिहिता येते:

‘४ मार्च १८८७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने रखमाबाईंना नवऱ्याच्या घरी नांदायला जाण्याचा हुकूम दिला; न गेल्यास सहा महिन्यांची कैद. अकराव्या वर्षी लग्न झालेल्या रखमाबाई तेव्हा विशी ओलांडलेल्या होत्या, आणि आपल्या संमतीवाचून झालेले लग्न आपल्यावर बंधनकारक नाही अशी त्यांची भूमिका होती. चार वर्षांनी संमतिवयाचा कायदा झाला. हा कायदा रखमाबाईंच्या खटल्याचे फळ आहे असे सामान्यतः मानले जाते. पण त्याने फक्त वयाची मर्यादा दहावरून बारा केली. वीस वर्षांच्या स्त्रीच्या नकाराला त्यात जागा नव्हती. प्रौढ स्त्रीच्या नकारावरून पेटलेला वाद लहान मुलीच्या वयाशी येऊन कसा थांबला? फुलमणी दासीच्या मृत्यूमुळे वय हा सरकारला पेलण्याजोगा मुद्दा पुढे आला आणि विवाहातील स्त्रीच्या इच्छेचा प्रश्न कायद्याबाहेर राहिला, असे या निबंधात दाखवायचे आहे.’

ही जुन्या प्रस्तावनेपेक्षा लहान नाही, उलट थोडी लांबच आहे. तेव्हा कात्री लावणे हे उद्दिष्ट नव्हते हे लक्षात यावे. फरक असा, की इथल्या प्रत्येक वाक्याला पुरावा मागता येतो. तारीख तपासता येते, वय तपासता येते, कायद्याचे कलम काढून पाहता येते. शेवटचे वाक्य तर कुणी नाकारूही शकतो. एखादा म्हणेल, की सुधारकांनी इच्छेचा प्रश्न सोडला नव्हता, सरकारनेच तो टाळला. दुसरा म्हणेल, रखमाबाईंनी १८८५ मध्ये ‘एक हिंदू स्त्री’ या सहीने टाइम्स ऑफ इंडियात जी पत्रे लिहिली त्यांतही बालविवाह हा विषय होताच, मग वाद ‘वळला’ असे कसे म्हणता? चांगला आक्षेप आहे, आणि निबंधाला आता त्याचे उत्तर द्यावे लागेल. जुन्या प्रस्तावनेवर असा आक्षेप कुणी घेऊच शकला नसता. तिच्यात आक्षेप घेण्याजोगे जे होते त्याचा पुढच्या मजकुराशी संबंध नव्हता.

‘मानले जाते’ या वाक्याबद्दल थोडे. कर्ता लपवणारे हे क्रियापद मला एरवी आवडत नाही, पण इथे त्याला काम आहे. वाचक ज्या समजुतीने निबंध उघडतो ती समजूत त्यात समोर ठेवली आहे, आणि पुढच्याच वाक्यात तिला धक्का दिला आहे. जुनी प्रस्तावना वाचकाची समजूत त्यालाच परत वाचून दाखवत होती.

प्रस्तावना बदलली की निबंध जसाच्या तसा राहत नाही. खरे काम तिथे आहे, आणि विद्यार्थी कुरकुरतात तेही तिथेच. दुसऱ्या पानावरचा ‘वैदिक काळ ते पेशवाई’ हा भाग जातो. १८५६ च्या विधवाविवाह कायद्यावरचा परिच्छेद दोन ओळींचा होतो किंवा तोही जातो. फुलमणीचा खटला, जो आधी एका तळटीपेत होता, तो निबंधाच्या मध्यावर येतो. भांडारकर-टिळक वाद ‘सुधारक विरुद्ध सनातनी’ या मथळ्याखाली होता. आता तो वेगळ्या कारणासाठी लागतो, कारण दोघेही मुलीच्या वयाबद्दल आणि शास्त्राबद्दल बोलत होते, बाईच्या होकारनकाराबद्दल नाही. शेवटही बदलतो. पूर्वी तो ‘अशा प्रकारे या कायद्याने स्त्रीमुक्तीचा पाया घातला’ असा होता. आता तो सांगू शकतो, की जुलै १८८८ मध्ये पैसे देऊन दादाजींशी तडजोड झाली आणि रखमाबाई तुरुंगाऐवजी पुढे लंडनला वैद्यकी शिकायला गेल्या; म्हणजे सुटका झाली ती तडजोडीने, कायद्याने नाही. पहिला परिच्छेद बदलूनही आतले एक पान हलले नाही, तर समजावे की बदल वरवरचा आहे.

एक आक्षेप नेहमी येतो आणि तो गंभीर आहे. वाचकाला पार्श्वभूमी नको का? सामान्याकडून विशेषाकडे जावे असे आपल्याला शिकवले आहे ना? पार्श्वभूमी हवीच. पण जिथे लागेल तिथे, आणि जेवढी लागेल तेवढी. ‘नांदायला पाठवण्याचा दावा’ म्हणजे काय, हे दुसऱ्या परिच्छेदात समजावून सांगावेच लागेल; आजच्या वाचकाला ते ठाऊक नसते. गर्भाधान संस्काराबद्दल चार ओळी लागतील, त्या वादाच्या वेळी. हीसुद्धा प्राचीन काळाचीच पार्श्वभूमी आहे, फक्त कामाला लावलेली. गार्गी मात्र या निबंधात कोणतेच काम करत नाही. तिचा अपमान होऊ नये म्हणून तरी तिला बाहेर ठेवावे.

दुसरा आक्षेप याहून मोलाचा. मोठ्या पल्ल्याची सुरुवात कधीच करू नये का? जोतीराव फुल्यांची ‘गुलामगिरी’, १८७३, मत्स्य, कच्छ, वराह असे अवतार घेत परशुरामापर्यंत येते. यापेक्षा मागे कोण जाणार? पण तिथे पुराणकथांचा तो सारा पल्ला हाच पुस्तकाचा विषय आहे. त्या कथा उलटून वाचणे, त्यांतून जिंकणाऱ्यांचा आणि हरलेल्यांचा इतिहास काढणे हे जोतीरावांचे म्हणणे, आणि धोंडिबाच्या प्रश्नांना उत्तरे देत ते पानोपानी ते लढवतात. त्यांचा अर्थ आज कुणी मान्य करो न करो, त्यांनी तो गृहीत धरून पुढे पाऊल टाकले नाही. असा पुरावा पुढची पाने देत असतील तर अनादी काळापासून खुशाल सुरुवात करावी. बारा पानांच्या निबंधाला ते ओझे बहुधा पेलत नाही.

परीक्षेच्या तीन तासांत हे सगळे कुठून करणार, असे मुले विचारतात. तिथे मी एवढेच सांगतो, की उत्तरपत्रिकेच्या वरच्या सहा-सात ओळी कोऱ्या सोडा आणि दुसऱ्या परिच्छेदापासून लिहायला लागा. शेवटी आपण काय सिद्ध केले ते वाचा आणि त्या कोऱ्या ओळींत लिहा. वेळ संपला आणि त्या ओळी कोऱ्याच राहिल्या, तरी ‘मानव हा समाजशील प्राणी आहे’पेक्षा ते बरे.

उरले तपासणारे. ही सवय मुलांना आपणच लावली आहे. प्रस्तावना, विषयविवेचन, समारोप असे साचे देऊन, आणि ‘प्रस्तावना’ या रकान्यात भारदस्त वाक्य दिसले की गुण टाकून. म्हणून शिक्षकांना आणि परीक्षकांना एक विनंती: यापुढे ‘अनादी काळापासून’ दिसले तर ‘पाल्हाळ’ असा शेरा मारू नका. त्या वाक्याशेजारी समासात लिहा: कुठे? कोणाच्या बाबतीत? कशावरून? आणि पाचव्या पानावर जिथे निबंध खरा सुरू झाला आहे, तिथे एक खूण करून वही परत द्या.